वर्गात उभं करणाऱ्या बाई आणि त्यांच्या खुर्चीतले साहेब

प्रश्न: माझं वय ३४. डिचोलीजवळच्या गावात राहते, पणजीला पाटोवर एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आठवड्यातून दोन-तीनदा एकच स्वप्न पडतं. सहावीचा वर्ग असतो, गणिताच्या बाई मला उभं करतात, उत्तर येत नाही, सगळे हसतात. मध्येच बाईंच्या जागी आमचे साहेब असतात. बोलायला जाते तर आवाजच फुटत नाही. पहाटे घामाघूम होऊन जागी होते. साहेब ओरडतात, पण सगळ्यांवरच. सासूबाई म्हणतात, देवळात प्रसाद लावून बघूया. हे कशामुळे होतं आणि थांबेल का?

उत्तर:

थांबेल, आणि बहुधा औषधाशिवाय थांबेल. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावी लागेल. हे स्वप्न जुन्या वर्गाचं आहे की आजच्या ऑफिसचं? दिसायला दोन्ही सारखीच दिसतात, पण उपाय वेगळे आहेत. ते कसं तपासायचं हे पुढे सांगते. आधी पहाटेचं बघूया.

आपली झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. याला रेम झोप म्हणतात. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती पहिल्यांदा नीट नोंदवली. पहिल्या फेरीत हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. सगळ्यात लांब, सगळ्यात चित्रमय स्वप्नं पहाटे पडतात आणि त्यानंतर लगेच जाग येत असल्याने ती लक्षातही राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात आणि त्या एका वाक्याने कितीतरी लोक आणखी घाबरतात. तुमच्या स्वप्नाची वेळ झोपेच्या रचनेमुळे ठरली आहे. उद्या ऑफिसात काय होणार, याचा तिच्याशी संबंध नाही.

रेम झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात, मेंदूच त्यांना जवळजवळ बंद करून ठेवतो. नाहीतर माणूस स्वप्नात धावताना खाटेवरून खाली पडला असता. आवाज न फुटणं, पाय न हलणं हे पुष्कळांच्या भयस्वप्नात असतं, त्यामागे बहुधा हेच कारण आहे. याच वेळी मेंदूतला भीतीशी निगडित भाग, अमिग्डाला, जोरात चालू असतो आणि कपाळामागचा, तर्क लावणारा भाग मंद असतो. त्यामुळे सहावीच्या वर्गात साहेब कसे आले, हा प्रश्न तुम्हाला स्वप्नात पडत नाही. शरम मात्र पूर्ण ताकदीने जाणवते.

आता बाई आणि साहेब एकाच खुर्चीत का बसतात, त्याबद्दल. स्वप्नं माणसांना नावागावाने जोडत नाहीत, प्रसंगाच्या ठेवणीने जोडतात. तुमच्या दोन्ही प्रसंगांत एक माणूस बसलेला आहे, तुम्ही उभ्या आहात. प्रश्न त्याने विचारायचा, उत्तर तुम्ही द्यायचं, आणि बाकीचे बघतायत. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी "हा आकडा कुठून आला?" असं सगळ्यांसमोर विचारलं की शरीर जी अवस्था ओळखतं ती सहावीतली आहे. शाळा आणि शिक्षक हे प्रौढ माणसांच्या स्वप्नात वारंवार येणाऱ्या विषयांपैकी आहेत. शाळा सोडून वीस-तीस वर्षं झालेल्यांनाही ती पडतात. तुमच्यात काही विचित्र घडतंय असं मानू नका.

गोव्यात मात्र याला आणखी एक थर असतो आणि तो मला पुष्कळ जणांमध्ये सापडतो. तुमच्या वयाच्या, गावातल्या मुलांचं प्राथमिक शिक्षण मराठीतून झालं, कारण १९९० नंतर सरकारी अनुदान प्राथमिकला मराठी-कोकणी माध्यमालाच होतं. पाचवीत गेलं की सगळं एकदम इंग्रजीतून. चौथीत ज्या मुलीला पावकी-निमकी तोंडपाठ होती, तिला पाचवी-सहावीत "डिनॉमिनेटर" म्हणजे छेद, हेच कळत नसे. गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. आणि बाईंना वाटायचं, ही अभ्यास करून आली नाही. म्हणून माझ्याकडे कोणी असं स्वप्न घेऊन आलं की मी विचारते, स्वप्नातल्या बाई कुठल्या भाषेत बोलतात? बरेच जण क्षणभर थांबतात, मग सांगतात, इंग्रजीत. ऑफिसातले रिव्ह्यूही इंग्रजीतच चालतात. तुम्हीही हे आठवून बघा. तसं असेल तर स्वप्नातली मुलगी "येत नाही" म्हणून उभी नाहीये. तिला काय विचारलंय तेच कळलेलं नाही. पुढे स्वप्न बदलायला बसाल तेव्हा हा फरक फार उपयोगी पडतो.

त्या काळी असा अपमान घरी सांगण्याची सोयही नव्हती. बाई ओरडल्या म्हटलं की घरचे म्हणायचे, "तुझंच काहीतरी चुकलं असणार." शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला मनाई करणारं कलम १७ शिक्षण हक्क कायद्यासोबत २००९ साली आलं. तुम्ही तोवर सहावी पार केली होती. जे कुणालाच सांगता आलं नाही, ते मुलाच्या मनात "मीच वाईट" अशा अर्थाने बसतं. मोठेपणी तोच अर्थ साहेबांच्या एका वाक्याने जागा होतो.

अपमानाचं स्वप्न नुसत्या भीतीच्या स्वप्नाहून वेगळं असतं, हे इथे मुद्दाम सांगते. पाठीमागे लागलेला कुत्रा किंवा बुडणं यात भीती आहे, पण बघणारं कोणी नसतं. अपमानाला बघे लागतात. लोक मला स्वप्न सांगतात तेव्हा बाईंचा आवाज, त्यांची फूटपट्टी, साहेबांचा चष्मा, सगळं तपशिलात सांगतात. पण मी सावकाश, क्षणाक्षणाने पुढे न्यायला लावते, तेव्हा अंगावर काटा येण्याची जागा बहुधा दुसरीच निघते. मान वळून बाकांकडे जाते, ती. हसणारे चेहरे दिसतात आणि जाग येते. तुमच्या प्रश्नातही "सगळे हसतात" आहे. बदल करायचा तर त्या जागी करावा लागतो. बाईंना कितीही मवाळ केलं आणि वर्ग हसतच राहिला, तर स्वप्न सुटत नाही.

दिवसभर तुम्ही काय करता, याचाही अंदाज मला आहे, कारण सगळेच तसं करतात. झोपताना स्वप्नाची आठवण आली की ती झटकायची, साहेबांचा विषय नको म्हणून मोबाइल चाळत झोपायचं. २००४ साली डॅनियल वेगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना झोपण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या व्यक्तीचा विचार मनातून दाबायला सांगितला. ज्यांनी दाबला, त्यांच्या स्वप्नात ती व्यक्ती जास्त आली. साहेबांना रात्री दहा वाजता दाराबाहेर काढलं की ते पहाटे पाचला येतात. म्हणून त्यांचा विचार संध्याकाळी, जागेपणी, ठरवून करायचा. खाली सांगते त्या उपायाचा पाया हाच आहे.

पण आधी तपासणी. दोन आठवडे एक छोटी वही उशाशी ठेवा. जाग आली की दिवा लावून चार गोष्टी लिहा. वार आणि वेळ, स्वप्नात खुर्चीत कोण होतं, कुठल्या क्षणाला जाग आली, आणि आदल्या दिवशी ऑफिसात काय झालं. झोपण्याआधी काही घेतलं असेल, गोळी किंवा दारू, तर तेही. अर्थ लावत बसू नका, नोंद करा. तुम्ही अकाउंट्सच्या, तेव्हा तारखा नक्की बघा. स्वप्नं महिन्याच्या २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या आधी किंवा ऑडिटच्या आठवड्यात गोळा होतात का? रविवारी रात्री पडतात आणि चतुर्थीच्या सुट्टीत पडत नाहीत का? तसं दिसलं तर ते आजचं स्वप्न आहे, शाळा त्याने फक्त देखावा म्हणून उचलली आहे. उलट, ऑफिसात शांतता असतानाही पडतंय, रजेतही पडतंय, खुर्चीत बहुतेक वेळा बाईच आहेत, तर ते जुनं आहे. बहुतेकांच्या वहीत दोन्हींची सरमिसळ असते, पण एक पारडं जड असतंच.

गोळ्यांचं लिहायला सांगितलं त्याचं कारण आहे. रक्तदाबासाठी किंवा छातीतल्या धडधडीसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलोल, मेटोप्रोलोल, दम्यासाठी आणि ॲलर्जीसाठी सर्रास दिली जाणारी मॉन्टेलुकास्ट, नैराश्यावरची काही औषधं, यांनी काही जणांना भयस्वप्नं पडतात. दारू रात्रीच्या पहिल्या भागात रेम झोप दाबते आणि नंतर ती उसळून येते. स्वप्नं नवीन गोळीनंतर सुरू झाली असतील तर गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना वहीच दाखवा.

आता उपाय. याला इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात, म्हणजे जागेपणी स्वप्न बदलून लिहायचं आणि बदललेलं स्वप्न मनात घोकायचं. बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोत लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर त्याची मोठी चाचणी केली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यात भयस्वप्नंही कमी झाली आणि झोपही सुधारली. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली भयस्वप्नांसाठी याच पद्धतीची शिफारस केली. तुमच्यासारखंच स्वप्न असलेल्या एका माणसासोबत आम्ही ते कसं केलं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत.

पन्नाशीच्या आतले गृहस्थ, औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम. स्वप्नात सर त्यांना फळ्याकडे बोलावतात. ते खडूने लिहितात, खडू उमटत नाही. ते जोर लावतात, खडू मोडतो. सर काहीच बोलत नाहीत, फक्त वर्गाकडे बघून हसतात, मग वर्ग हसतो. त्या क्षणी जाग. वहीवरून कळलं, की कारखान्यात तपासणीला बाहेरचे लोक येणार असले की स्वप्न वाढतं, पण एरवीही पडतं. वर्गातला तो प्रसंग प्रत्यक्षात घडलेला होता.

मी त्यांना म्हटलं, स्वप्न कुठूनही आणि कसंही बदला. पहिल्या खेपेला त्यांनी लिहून आणलं, की ते डस्टर उचलून सरांना मारतात, वर्ग टाळ्या वाजवतो. लिहिताना बरं वाटलं, घोकताना मात्र छाती धडधडू लागली आणि त्या आठवड्यात झोप आणखी बिघडली. हे नेहमी होतं. सूड घेतला की देखावा तोच राहतो, फक्त अपमान होणारा माणूस बदलतो, आणि शरीर भांडणाच्याच तयारीत राहतं. काहींना रागाचं रूपांतर उपयोगी पडतंही, पण घोकून झाल्यावर अंग सैल पडतंय का, यावरून ते ओळखायचं. यांचं पडत नव्हतं.

मग आम्ही खडूपाशी गेलो. मी विचारलं, खडू का उमटत नाही? ते म्हणाले, "फळा ओला आहे." हे त्यांना आधी कधी सुचलं नव्हतं, बोलता बोलता निघालं. नव्या स्वप्नात त्यांनी लिहिलं: मी हात खाली घेतो. फळ्याला बोट लावतो, बोट ओलं होतं. वळून म्हणतो, "सर, फळा ओला आहे, सुकू दे." पुढच्या बाकावरचा मित्र उठून फडकं आणतो. आम्ही दोघं फळा पुसतो. बाकीची मुलं आपापल्या वह्यांमध्ये बघतायत. खिडकीतून पावसाचा आवाज येतोय. एवढंच. सर तसेच खुर्चीत, त्यांना हातही लावला नाही. पण वर्ग हसायचा थांबला होता आणि एक जण त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

हे नवं स्वप्न ते रोज संध्याकाळी चहानंतर दहा-पंधरा मिनिटं, डोळे मिटून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे. जुना शेवट घोकायचा नाही, ही त्यातली कडक अट. पहिले काही दिवस जुनं चित्र मध्ये घुसायचं. तेव्हा डोळे उघडायचे, हातातल्या कपाची ऊब बघायची आणि नव्याच्या सुरुवातीला यायचं. काही आठवड्यांनी स्वप्न पुन्हा पडलं, पण फळ्याजवळ पोचण्याआधीच वर्ग रिकामा झालेला. लिहिलं होतं तसं हुबेहूब ते कधीच पडलं नाही, आणि सहसा पडतही नाही. आधी त्यातली धार जाते, मग जाग येणं कमी होतं, मग स्वप्नच विरळ होतं. मोठी तपासणी आली की आजही त्यांना एखादं पडतं. आता ते उठून पाणी पितात आणि पुन्हा झोपतात.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते असं. वहीचे दोन आठवडे झाले की एका दुपारी स्वप्न वर्तमानकाळात लिहून काढा, जाग येते त्या क्षणाच्या थोडं आधी थांबा. तिथून नवा रस्ता लिहा. आवाज फुटत नाही ना, मग बोलायचंच कशाला? स्वप्नातली ती मुलगी वहीत लिहून दाखवू शकते, शेजारणीकडे बघू शकते, प्रश्न मराठीत पुन्हा विचारायला हाताने खुणावू शकते. बाक कसे बदलायचे ते तुम्ही ठरवा. दुसऱ्याने सुचवलेला शेवट सहसा टिकत नाही, म्हणून मी तुम्हाला तयार शेवट देत नाही. मग रोज दहा-पंधरा मिनिटं, दिवसा किंवा संध्याकाळी, अंथरुणात नाही. एका वेळी एकच स्वप्न घ्या. घोकून उठल्यावर खांदे उतरलेले असतील तर शेवट बरोबर आहे. जबडा आवळलेला असेल तर शेवट बदला.

वहीत ऑफिसचं पारडं जड निघालं, तर एवढ्याने भागणार नाही. "साहेब ओरडतात, पण सगळ्यांवरच" या वाक्यापाशी मी थोडी थांबले. सगळ्यांवर ओरडलं म्हणून अंगाला कमी लागत नाही. रोज समोर घडणारा अपमान चालू ठेवून स्वप्न गोड करत बसणं म्हणजे शरीर देत असलेली खबर बंद करणं, आणि ते मी कुणाला सुचवत नाही. इथे कामं जागेपणीची आहेत. कोणत्या तारखेला, कोणासमोर, काय शब्द वापरले, याची वेगळी नोंद ठेवा. मीटिंगआधी आकडे ईमेलने पाठवून ठेवा, म्हणजे उभ्या उभ्या प्रश्नाला तोंड देण्याची वेळ कमी येईल. साहेबांशी बोलायचं तर सगळ्यांसमोर उत्तर न देता नंतर केबिनमध्ये एकच वाक्य: "चूक असेल तर मला केबिनमध्ये सांगा, मी दुरुस्त करते." हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, कारण पहिल्या वेळी जागेपणीही आवाज फुटत नाही. शेरे बाईपणावर, कपड्यांवर जात असतील तर तो ओरडण्याचा विषय राहत नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, तिथे लेखी तक्रार करता येते.

सासूबाईंच्या म्हणण्याला विरोध करू नका असंच मी म्हणेन. प्रसाद लावणं, गाऱ्हाणं घालणं यात तुमच्यासाठी कोणीतरी मोठ्याने बोलतं, आणि घर तुमच्या बाजूने उभं राहतं. ज्या मुलीची बाजू कुणी घेतली नव्हती तिला याने बरं वाटू शकतं. फक्त कौल काहीही आला तरी वही आणि सराव चालू ठेवा, आणि कुणी या स्वप्नाचा अर्थ "करणी" असा लावला तर तो रस्ता धरू नका. त्याने भीतीत भर पडते.

काही बाबतीत मात्र एकटीने हे करू नका. शाळेत नुसतं ओरडणं नव्हतं, जबर मारहाण किंवा नको ते स्पर्श होते आणि स्वप्न लिहायला घेतलं की तो प्रसंग दिवसाही डोळ्यांसमोर उभा राहू लागला, तर वही मिटा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तसंच स्वप्नांच्या भीतीने झोपणंच टाळू लागलात, किंवा जगणं नको असं वाटू लागलं, तर वाट बघू नका. बांबोळीला इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्री अँड ह्यूमन बिहेविअर हे सरकारी रुग्णालय आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येतं. घरात पन्नाशी ओलांडलेलं कोणी स्वप्नात खरोखर हातपाय झाडत असेल, ओरडत असेल, शेजारच्याला लागत असेल, तर तो आजार वेगळा. त्यात स्नायू सैल पडण्याची व्यवस्थाच बिघडलेली असते आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवावंच लागतं.

सराव सुरू केल्यावर पाच-सहा आठवडे द्या. तोवर स्वप्नं आठवड्याला दोन-तीनावरून एकावर आली, किंवा जाग आल्यावर पुन्हा झोप लागू लागली, तर बरोबर चाललंय. काहीच हललं नाही तर वही घेऊन एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि त्यांना पहिल्यांदा बाकांवरच्या मुलांबद्दल सांगा, बाईंबद्दल नंतर.